व्यावसायिक ईमेलमध्ये ठळक अक्षरे, मथळे आणि बुलेट किती वापरावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्राहक, पुरवठादार, लेखा विभाग किंवा वरिष्ठ यांना रोज मराठीतून ईमेल लिहिणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. उत्तरांमध्ये एकच उदाहरण पुन्हा पुन्हा येईल. भोसरीतील एक लहान मशीनिंग वर्कशॉप चाकणच्या एका कारखान्याला लोखंडी ब्रॅकेट पुरवते आणि तिथल्या खरेदी अधिकाऱ्याला ईमेल पाठवते. उदाहरण रचलेले आहे, पण अशा स्वरूपाचे ईमेल कोणत्याही औद्योगिक वसाहतीत रोज लिहिले जातात.

### एका ईमेलमध्ये किती मजकूर ठळक करावा?

साधारणपणे एकच जागा ठळक करावी आणि फार तर दोन. पुष्कळ ईमेलमध्ये एकही नसावी.

यामागचे कारण सौंदर्यदृष्टीचे नसून वाचनाच्या पद्धतीचे आहे. ठळक अक्षर डोळ्याला दिसते ते त्याच्या जाडीमुळे नव्हे, तर आजूबाजूचा मजकूर साधा असल्यामुळे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की, एकसारख्या नोंदींच्या यादीत जी नोंद वेगळी पडते ती अधिक लक्षात राहते. या निष्कर्षातला ‘एकसारख्या’ हा भाग ईमेल लिहिताना विसरला जातो. दहा ओळींच्या मजकुरात एक तारीख ठळक असेल तर नजर थेट तिच्यावर जाते. त्याच दहा ओळींत आठ ठिकाणी ठळक अक्षरे असतील तर वेगळे असे काहीच उरत नाही, आणि त्या आठांपैकी आपल्यासाठी कोणते खरे महत्त्वाचे हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. ते काम लिहिणाऱ्याचे आहे. वाचणारा ते बहुधा करत नाही. तो वरवर नजर फिरवून ‘नंतर पाहू’ म्हणून ईमेल बाजूला ठेवतो.

### मग नेमके काय ठळक करावे?

वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटले तर त्याचे किंवा आपले प्रत्यक्ष नुकसान होईल अशी गोष्ट. व्यवहारात ती बहुतेक वेळा तीनपैकी एक असते: उत्तर देण्याची अंतिम मुदत, आधी कळवलेल्या माहितीत झालेला बदल, किंवा परत फिरवता न येणारी रक्कम अथवा माप.

येथे एक फरक नीट लक्षात घ्यावा. ‘तातडीने’, ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘कृपया नोंद घ्यावी’ हे शब्द ठळक केले जातात तेव्हा लिहिणाऱ्याची घाई तेवढी दिसते, माहिती दिसत नाही. ‘तातडीने’ म्हणजे आज की या आठवड्यात, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्या शब्दाऐवजी ‘गुरुवार, १२ जून रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत’ असे लिहिले आणि तेवढेच ठळक केले, तर तातडी वेगळी सांगावी लागत नाही.

ठळक केलेला तुकडा स्वतःपुरता अर्थपूर्ण असावा. नुसते ‘१२’ ठळक करणे अपुरे आहे, कारण नजर त्यावर थांबली तरी कशाचे बारा हे कळत नाही. उलट, पूर्ण वाक्य किंवा पूर्ण परिच्छेद ठळक केला की त्यातले महत्त्वाचे शब्द पुन्हा गर्दीत मिसळतात. चार ते आठ शब्दांचा तुकडा पुरेसा होतो.

### एखादा ईमेल दुरुस्त करून दाखवता येईल का?

वर उल्लेखलेल्या वर्कशॉपकडे दोन प्रकारच्या ब्रॅकेटची ऑर्डर आहे: डाव्या बाजूचे ५०० आणि उजव्या बाजूचे ३००. डावे तयार आहेत. उजव्यांच्या नव्या ड्रॉइंगमध्ये भोकाचा व्यास बदललेला दिसतो आणि काम सुरू करण्याआधी लेखी मंजुरी हवी आहे. मंगळवारी, १० जूनला लिहिलेला पहिला मसुदा असा:

> नमस्कार सर,
>
> अत्यंत महत्त्वाचे! आपल्या ऑर्डरपैकी डावे ५०० ब्रॅकेट तयार असून ते उद्या रवाना होतील. उजव्या ३०० ब्रॅकेटच्या ड्रॉइंगमध्ये भोकाचा व्यास ८.५ मिमीऐवजी ९ मिमी दाखवला आहे. तरी कृपया तातडीने मंजुरी लेखी कळवावी. गुरुवारी ४ पर्यंत न कळवल्यास मशीन दुसऱ्या कामाला लागेल व माल उशिरा मिळेल. तसेच मागील बिलाचे १,८४,००० रुपये अजूनही थकीत आहेत.

या मसुद्यात नऊ जागा ठळक केलेल्या होत्या; इथे ती सजावट दाखवलेली नाही. तो तपासण्याची सोपी पद्धत म्हणजे फक्त ठळक शब्द ओळीने वाचणे. अत्यंत महत्त्वाचे, डावे ५०० तयार, उद्या रवाना, उजव्यांचा व्यास, कृपया तातडीने, लेखी, गुरुवारी ४, मशीन, थकीत. खरेदी अधिकाऱ्याने एवढेच वाचले तर त्याला काय कळेल? माल तयार आहे आणि पैसे मागितले आहेत, असे. ज्या मंजुरीसाठी ईमेल लिहिला ती मधेच हरवली आहे. शिवाय ‘मंजुरी’ हा शब्दच ठळक नाही.

आता प्रत्येक जागेला एकच प्रश्न विचारावा: हे चुकून वाचायचे राहिले तर काय बिघडेल? डावे ब्रॅकेट तयार आहेत हे वाचले नाही तरी माल उद्या चलानासह पोहोचणारच आहे. मशीन दुसऱ्या कामाला लागणे हे कारण आहे आणि ते साध्या वाक्यात सांगितले तरी कळते. थकीत बिलाचा विषय खरेदी अधिकाऱ्याचा नसून लेखा विभागाचा आहे. दोन वेगळ्या विषयांना दोन वेगळी ठळक अक्षरे द्यावीशी वाटतात तेव्हा बहुतेक वेळा ते दोन वेगळे ईमेल असतात, आणि इथेही तसेच आहे. मुदत मात्र चुकली तर सहा दिवसांचा उशीर होईल. त्यामुळे नव्या मसुद्यात ‘गुरुवार, १२ जून रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत’ एवढेच ठळक उरते.

> विषय: उजवे ३०० ब्रॅकेट: भोकाच्या मापाची मंजुरी गुरुवार, १२ जूनपर्यंत हवी
>
> नमस्कार सर,
>
> उजव्या ब्रॅकेटच्या नव्या ड्रॉइंगमध्ये भोकाचा व्यास ८.५ मिमीऐवजी ९ मिमी दाखवला आहे. हे ३०० नग नव्या मापाने करावेत का, हे कृपया गुरुवार, १२ जून रोजी दुपारी ४ वाजेपर्यंत ईमेलने कळवावे.
>
> तोपर्यंत मंजुरी मिळाल्यास हे नग मंगळवारी, १७ जूनला रवाना करता येतील. मंजुरी त्यानंतर आल्यास, मशीनवर दुसरे काम ठरलेले असल्याने रवानगी सोमवारी, २३ जूनला होईल.
>
> डाव्या ५०० ब्रॅकेटच्या ड्रॉइंगमध्ये बदल नाही. ते तयार असून उद्या रवाना होत आहेत.

नव्या मसुद्यात शब्द कमी झालेले नाहीत, त्यांचा क्रम बदलला आहे. जे काम वाचणाऱ्याने करायचे ते आधी, त्याचे परिणाम नंतर आणि केवळ माहितीसाठी असलेले शेवटी. क्रम लागल्यावर नऊपैकी आठ ठळक जागांची गरज आपोआप संपली. माझ्या मते ठळक अक्षरांची गर्दी हे बहुधा विस्कळीत क्रमाचे लक्षण असते. मजकुराच्या तळाशी पडलेल्या महत्त्वाच्या वाक्याला जाड करून वर ओढण्याचा तो प्रयत्न असतो. वाक्यच वर नेले की तो करावा लागत नाही.

### देवनागरीत ठळक अक्षरांऐवजी अधोरेखन, तिरपी अक्षरे किंवा लाल रंग वापरला तर चालेल का?

इंग्रजीत लिहिणारा माणूस जोर देण्यासाठी मोठ्या लिपीतली अक्षरेही वापरतो. देवनागरीत तसा भेद नाही, त्यामुळे जोर देण्याचा सगळा भार ठळक अक्षर, अधोरेखन, रंग आणि उद्गारचिन्हांवर येतो आणि ती सगळी एकाच वाक्यात एकत्र येताना दिसतात.

अधोरेखन देवनागरीला मानवत नाही. ऱ्हस्व व दीर्घ उकार, ऋकार आणि पाय मोडण्याचे चिन्ह अक्षराच्या खाली येतात आणि रेघ त्यांनाच छेदून जाते. ‘मुदतपूर्व’ किंवा ‘पुरवठा’ असे शब्द लहान आकारात अधोरेखित करून पाहिले तर ऱ्हस्व आणि दीर्घ उकार वेगळे ओळखणे कठीण जाते. शिवाय ईमेलमध्ये अधोरेखित मजकूर म्हणजे लिंक अशी वाचकाची सवय झालेली आहे. तो त्यावर बोट ठेवतो आणि काहीच उघडत नाही.

अनेक देवनागरी टंकांना स्वतःचे तिरपे रूप नसते. अशा वेळी सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच यांत्रिकपणे कलते करते आणि शिरोरेषेखाली लोंबणारी अक्षरे विचित्र दिसतात. ठळक रूपाचेही काही वेळा तसेच होते. टंकात ठळक रूप उपलब्ध नसेल तर रेषा नुसत्या जाड केल्या जातात, आणि ‘ष्ठ’, ‘द्ध’, ‘क्ष’, ‘ह्य’ यांसारख्या जोडाक्षरांतली मोकळी जागा मोबाइलच्या पडद्यावर बुजून जाते. ठळक मजकूर मराठीत लहान ठेवण्याचे हे आणखी एक कारण आहे: लांब ठळक परिच्छेद वाचायला खरोखरच जड जातो.

लाल रंगाच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. लाल आणि हिरवा यांतला फरक न दिसणाऱ्या वाचकाला तो जोर कळत नाही, आणि ज्याला दिसतो त्याला तो रागाचा सूर वाटतो. ‘लाल रंगातील मुद्द्यांना उत्तर द्यावे’ असे लिहिण्यापेक्षा मुद्द्यांना क्रमांक द्यावेत.

### ईमेलमध्ये मथळे केव्हा द्यावेत?

ईमेल एका पडद्यात मावत असेल तर मथळ्यांची गरज नसते. ब्रॅकेटच्या ईमेलमध्ये ‘पार्श्वभूमी’, ‘मंजुरी’, ‘रवानगी’ असे तीन मथळे दिले असते तर प्रत्येकाखाली जेमतेम दोन वाक्ये आली असती आणि विषयाची ओळ जे काम आधीच करते आहे त्याची पुनरावृत्ती झाली असती.

एकाच ईमेलचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या माणसांनी वाचायचे असतात तेव्हा मथळे खरे उपयोगी पडतात. समजा, वर्कशॉप आणि कारखाना यांच्या बैठकीनंतर इतिवृत्त पाठवायचे आहे आणि ते खरेदी, गुणवत्ता व लेखा अशा तिन्ही विभागांना जाणार आहे. गुणवत्ता विभागातल्या माणसाला आपला भाग झटकन सापडला पाहिजे, तेव्हा तीन मथळे योग्य आहेत. अशा वेळी मथळा माहिती देणारा असावा. ‘गुणवत्ता’ यापेक्षा ‘गुणवत्ता: पहिल्या २० नगांची तपासणी कोण करणार’ हा मथळा अधिक कामाचा आहे.

मथळे दिले की परिच्छेदांतली ठळक अक्षरे शक्यतो काढून टाकावीत. ईमेलमध्ये मथळा बहुतेक वेळा ठळक केलेली ओळच असतो, आणि खाली मजकुरातही ठळक शब्द आले तर मथळा कोणता आणि जोर कोणता हे दिसेनासे होते.

### बुलेट टाकल्याने ईमेल सुटसुटीत होत नाही का?

दिसायला होतो, पण समजायला नेहमीच होत नाही. बुलेट हे सुट्या, समान दर्जाच्या आणि एकमेकांवर अवलंबून नसलेल्या गोष्टींसाठी आहेत: पाठवायची कागदपत्रे, बैठकीला येणाऱ्यांची नावे, मालासोबत जाणारे दाखले. वाचणारा अशी यादी समोर ठेवून एकेका गोष्टीवर खूण करत जातो.

युक्तिवाद मात्र बुलेटमध्ये मोडतो. ब्रॅकेटचाच मजकूर असा लिहून पाहा:

> - नवे ड्रॉइंग मिळाले
> - व्यास ९ मिमी
> - गुरुवारपर्यंत मंजुरी
> - मशीनवर दुसरे काम
> - रवानगी २३ जून

पाचही ओळी खऱ्या आहेत आणि तरीही ईमेल चुकीचा संदेश देतो. मंजुरी वेळेत आली तर रवानगी १७ जूनला होऊ शकते, ही गोष्ट यादीत बसलीच नाही. ‘म्हणून’, ‘मात्र’, ‘न मिळाल्यास’, ‘त्यानंतर’ हे शब्द गळले आणि त्यांच्याबरोबर अट गळली. वाचणाऱ्याने २३ जून ही ठरलेली तारीख समजून आपले नियोजन केले, तर दोष त्याचा नाही. ज्या मजकुरातून हे जोडशब्द काढता येत नाहीत तो मजकूर परिच्छेदातच राहू द्यावा.

यादी खरोखर हवी असेल तेव्हा तिच्याआधी एक पूर्ण वाक्य असावे, ज्यातून ही कशाची यादी आहे आणि वाचणाऱ्याने तिचे काय करायचे हे कळेल. सर्व नोंदींची रचना सारखी ठेवावी; एक नोंद नाम, दुसरी आज्ञा आणि तिसरी पूर्ण वाक्य असे झाले की वाचताना ठेच लागते. वाचणाऱ्याला उत्तरात मुद्द्यांचा उल्लेख करावा लागणार असेल तर बुलेटऐवजी क्रमांक वापरावेत, म्हणजे ‘मुद्दा ३ मान्य, मुद्दा ४ बाबत उद्या कळवतो’ एवढे लिहून त्याचे काम भागते. दोन गोष्टींसाठी यादी करू नये, वाक्यात ‘आणि’ पुरतो. यादीतल्या प्रत्येक नोंदीचा पहिला शब्द ठळक करण्याची पद्धत बरीच पसरली आहे. चार-पाच नोंदींच्या यादीत ती टाळावी, कारण बुलेटने ओळ आधीच वेगळी काढलेली असते.

### आपण केलेली सजावट समोरच्याला तशीच दिसते का?

याची खात्री देता येत नाही, आणि म्हणूनच ईमेलचा अर्थ सजावटीवर अवलंबून ठेवू नये. मोबाइलवर येणाऱ्या सूचनेत आणि इनबॉक्समधल्या झलकेत ठळक केलेला मजकूर साधाच दिसतो. खरेदी अधिकारी ईमेल आधी तिथेच पाहतो. त्यामुळे मुदत विषयाच्या ओळीत आणि पहिल्या दोन वाक्यांत असणे हे ती ठळक असण्यापेक्षा जास्त मोलाचे आहे.

काही कार्यालयांत ईमेल साध्या मजकुराच्या रूपात वाचले जातात. जीमेलमधून पाठवलेल्या सजावटीच्या ईमेलसोबत त्याची एक साधी प्रतही जाते आणि तीत ठळक शब्दांच्या दोन्ही बाजूंना तारका येतात. एक-दोन ठिकाणी तारका आल्या तर वाचणारा समजून घेतो, नऊ ठिकाणी आल्या तर मजकूर बिघडल्यासारखा वाटतो. याच्या उलट, व्हॉट्सअॅपवर तारका घालून लिहिलेला मजकूर ईमेलमध्ये चिकटवला तर तो आपोआप ठळक होईल असे गृहीत धरू नये; तारका तशाच राहू शकतात.

दृष्टिहीन सहकारी पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतात. ते नेहमीच्या मांडणीत ठळक अक्षर आले म्हणून बहुधा वेगळे काही सांगत नाही. योग्य रीतीने केलेली यादी मात्र यादी म्हणून, नोंदींच्या संख्येसह, ऐकू येते. हाताने टिंबे किंवा डॅश टाकून केलेल्या यादीला हा फायदा मिळत नाही. त्यामुळे यादी टूलबारमधल्या बटणानेच करावी.

### थकबाकीच्या स्मरणपत्रात ठळक अक्षरे वापरावीत का?

रक्कम किंवा तारीख ठळक करावी. दोष दाखवणारे शब्द कधीही करू नयेत. ‘आम्ही तिसऱ्यांदा कळवत आहोत’ आणि ‘आपण अजूनही उत्तर दिलेले नाही’ या वाक्यांतली जाड अक्षरे बोलण्यात आवाज चढवल्यासारखी वाचली जातात. लेखा विभागात बसलेल्या ज्या माणसाच्या हाती आपले बिल आहे, त्याला हा सूर लावून काही साधत नाही. त्याला बिल शोधता आले पाहिजे. बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम एका वाक्यात देऊन फक्त ‘१,८४,००० रुपये’ ठळक केले तर स्मरणपत्र ठाम राहते आणि संबंधही टिकतात.

### वरिष्ठांनाच भरपूर ठळक अक्षरे आवडत असतील तर?

त्यांच्याशी सजावटीवर चर्चा करण्याऐवजी त्यांना पाठवायच्या ईमेलच्या सुरुवातीला, त्यांच्याकडून काय हवे आहे ते दोन वाक्यांत लिहावे. सगळे ठळक करण्याचा आग्रह बहुतेक वेळा ‘मला शोधावे लागते’ या तक्रारीतून आलेला असतो. ज्या संस्थेत ठरलेला नमुना आहे तिथे तो पाळावा, आणि नमुन्याने जागा ठळक ठेवल्या असतील तर आपल्या बाजूने आणखी भर घालू नये.

### पाठवण्यापूर्वी ईमेल कसा तपासावा?

ईमेल आधी कोणत्याही सजावटीशिवाय पूर्ण लिहावा. लिहिता लिहिता ठळक करत गेल्यास प्रत्येक वाक्य लिहिताना तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. मजकूर वर्डमधून किंवा जुन्या ईमेलमधून आणला असेल तर तिथली सजावटही सोबत येते. जीमेलमध्ये मजकूर निवडून `Ctrl+\` आणि आउटलुकमध्ये `Ctrl+Space` दाबले की अक्षरांची सजावट निघून जाते.

त्यानंतर ईमेल एकदा वाचून, वाचणाऱ्याच्या हातून निसटू नये असा तुकडा ठरवावा आणि तेवढाच `Ctrl+B` ने ठळक करावा. दुसरा तुकडा ठळक करावासा वाटला तर पहिल्यापेक्षा तो महत्त्वाचा आहे का हे पाहावे. असेल तर पहिल्याची सजावट काढावी. दोन्ही तितकेच महत्त्वाचे आणि एकाच कामाशी निगडित असतील, उदाहरणार्थ बैठकीची बदललेली तारीख आणि बदललेली जागा, तर दोन्ही ठेवण्यास हरकत नाही.

### एकही ठळक शब्द नसलेला ईमेल अपुरा वाटतो का?

नाही. पोच देणारे, आभार मानणारे, मागितलेली माहिती पुरवणारे आणि तीन-चार ओळींत संपणारे ईमेल साध्या अक्षरांतच बरे दिसतात. खरेदी अधिकाऱ्याने ‘९ मिमी मान्य, काम सुरू करावे’ असे कळवले आणि वर्कशॉपने ‘मंजुरी मिळाली, ३०० नग १७ जूनला रवाना करतो’ असे उत्तर दिले, तर त्यात ठळक करण्यासारखे काही नाही. तारीख चार शब्दांपलीकडेच आहे आणि ती वाचली जाणारच आहे.